अंतर्गत गुणवत्ता ऑडिट अहवाल: मेल्टिंग, पोअरिंग व तपासणी (शॉपसाठी मराठी प्रत)

ठिकाण: कास्टिंग कारखाना, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर
ऑडिटची तारीख: १९ ऑगस्ट २०२५, पहिली पाळी
निकष: आयएसओ ९००१:२०१५

भाषांतराविषयी: मागच्या मराठी प्रतीत 'करेक्शन' आणि 'करेक्टिव्ह ॲक्शन' दोन्हीला 'दुरुस्ती' म्हटलं होतं. त्यामुळे माल बाजूला काढला की काम संपलं, असा समज झाला. या प्रतीत पहिल्याला 'तातडीची दुरुस्ती' आणि दुसऱ्याला 'सुधारात्मक कृती' म्हटलं आहे. 'नॉनकन्फॉर्मिटी'ला 'त्रुटी' हा शब्द वापरला आहे. 'अननुपालन' भट्टीवर कुणी वाचणार नाही.

त्रुटी १ (मोठी), कलम ८.५.१
कार्यसूचनेप्रमाणे प्रत्येक लॅडलचं तापमान १३८० ते १४२० अंश सेल्सिअस असल्याची खात्री करूनच ओतायचं आहे. ऑडिटर भट्टीजवळ असताना सलग तीन लॅडल तापमान न मोजता ओतले गेले. नोंदवहीत मात्र सकाळी ११:२० लाच दुपारी ३ पर्यंतचे रकाने भरलेले होते. सगळीकडे १४००, एकाच पेनानं.

तातडीची दुरुस्ती: त्या पाळीतल्या हीट ४१२ ते ४१७ चा माल थांबवला. प्रत्येक हीटचा टेस्ट बार तोडून एफजी २६० ची ताकद तपासली. कास्टिंगवर कोल्ड शट आहे का, तेही एकेक पाहिलं. नऊ नग बाद.

मूळ कारण: विभागाचं पहिलं उत्तर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं होतं. ते परत पाठवलं. चौकशीत दिसलं की थर्मोकपलच्या टिप आदल्या रात्रीच संपल्या होत्या आणि स्टोअर सकाळी १० ला उघडतं. भट्टी ७ ला सुरू होते. रिकामा रकाना दिसला की सुपरवायझर ओरडतो, म्हणून रकाने भरले गेले.

सुधारात्मक कृती: भट्टीजवळ कुलपाच्या पेटीत किमान ४० टिप, किल्ली पाळी सुपरवायझरकडे. साठा २० वर आला की मागणी. मोजता आलं नाही तर रकान्यात 'मोजले नाही' लिहून ओतणं थांबवायचं, आणि असं लिहिणाऱ्याला कुणी बोलायचं नाही.
जबाबदार: मेल्टिंग प्रमुख. मुदत: २ सप्टेंबर.

त्रुटी २ (किरकोळ), कलम ७.१.५.२
अंतिम तपासणीतल्या एका व्हर्नियरच्या कॅलिब्रेशनची मुदत ३१ जुलैला संपली होती. व्हर्नियर काढून घेतला. १ ऑगस्टपासून त्यानं मोजलेला शिल्लक माल पुन्हा मोजायचा. गेलेल्या मालाचा निर्णय कॅलिब्रेशनचा निकाल आल्यावर. यापुढे मुदतीच्या १५ दिवस आधी यादी फलकावर लागेल.
जबाबदार: तपासणी प्रमुख. मुदत: ३० ऑगस्ट.

त्रुटी ३ (किरकोळ), कलम ८.७
फेटलिंगमध्ये बाद नग लाल खुणेविना चांगल्या मालाच्या ट्रॉलीत होते. लगेच वेगळे केले. कारण शोधणं बाकी. उत्तर २६ ऑगस्टपर्यंत.

पडताळणी: १६ सप्टेंबरला ऑडिटर पहिल्या पाळीत भट्टीवर येईल. टिपांची पेटी उघडून पाहील. त्रुटी १ तोवर उघडीच राहील.