मुलाखतीचा गाईड: मराठी प्रायमरीतून इंग्रजी हायस्कुलात गेलेली मुलं (सत्तरी तालुका)

मुलाखत घेणाऱ्यांनो, हा कागद पाठ करू नका, पण जायच्या आदल्या रात्री एकदा नीट वाचा. आपली मुलं आठवीतली, वय १३-१४, चौथीपर्यंत गावातल्या सरकारी मराठी शाळेत शिकलेली, आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात. आपल्याकडे गोव्यात ही उडी जुनीच आहे, १९९० च्या धोरणात अनुदान होतं ते प्रादेशिक भाषेतल्या प्रायमरीला, २०११ मध्ये सरकारने इंग्रजी प्रायमरीलाही द्यायचं ठरवलं, पण हा वाद मुलासमोर काढायचा नाही. तुमचं मत त्याला कळलं की तो तुम्हाला हवं तेच बोलणार.

जागा: स्टाफरूम नको, टीचरच्या नजरेसमोर तर नकोच. घरी, देवळाच्या मंडपात, कुठेही चालेल, फक्त एक मोठं माणूस हाकेच्या अंतरावर असू दे. वेळ ४५ मिनिटं. शाळेची बालरथ बस सुटायची वेळ आधी विचारून ठेवा, नाहीतर मूल अर्धा वेळ रस्त्याकडे बघत बसतं. पालकांची सही आधी घ्यायची, पण त्यांनी हो म्हटलं म्हणजे मुलाने म्हटलं असं नाही, त्याला वेगळं विचारा.

सुरुवात अशी करा: "मी तुझी परीक्षा घ्यायला आलेलो नाही. तू चौथीनंतर इंग्रजीत शिकायला लागलास ते कसं झालं एवढंच ऐकायचंय. नको त्या प्रश्नाला 'नको' म्हण, मध्येच थांबवलंस तरी चालेल, शाळेत कोणाला सांगणार नाही, तुझं नावही लिहिणार नाही. फोनवर रेकॉर्ड करू का? कोकणीत बोलू की मराठीत, की मिसळून?"

पहिला प्रश्न भाषेचाच, आणि इथे घाई करू नका.

"घरात आईशी कुठल्या भाषेत बोलतोस? आजीशी? चिडलास की कुठली येते तोंडात?"

आपल्या प्रोजेक्टच्या नावात 'मातृभाषा' आहे खरं, पण सत्तरीतल्या कित्येक घरांत बोलणं कोकणी, शाळा मराठी आणि मग वर इंग्रजी, म्हणजे काही मुलांची ही दुसरी उडी आहे. म्हणून "तुझी मातृभाषा कुठली" असं थेट विचारू नका, ते फॉर्ममध्ये लिहिलेलं उत्तर देतात.

मग पाचवी. "पहिला दिवस आठवतो? कोणाच्या शेजारी बसलास? टीचर पहिल्यांदा काय बोलली, आणि तुला त्यातलं काय कळलं?" "कठीण गेलं का?" हा प्रश्न मी मुद्दाम काढून टाकलाय, त्याला "हो" किंवा "नाय" याच्या पुढे काही येत नाही. प्रसंग मागा. "एखादी गोष्ट माहीत होती पण बोलता आली नाही, असं झालंय? मग काय केलंस?" इथे मूल गप्प बसलं तर तुम्हीही गप्प बसा, मनात दहापर्यंत मोजा.

गणिताला जास्त वेळ द्या, तिथे सगळं उघडं पडतं. वहीतला एखादा भागाकार पुढे ठेवा आणि म्हणा, "मोठ्याने बोलत सोडव." सात सत्ते एकोणपन्नास म्हणतो की सेव्हन सेव्हन्स आर? तोंडात मराठी पाढा आणि कागदावर इंग्रजी आकडा असेल तर जसंच्या तसं लिहून घ्या. "लसावि आणि एलसीएम एकच आहे हे कधी कळलं, कोणी सांगितलं?" ४ लिहिला आणि कोणी तो इंग्रजीतला आठ समजलं असं झालंय का, हेही विचारा, मुलं हसतात आणि मग मोकळी होतात. सायन्सला एवढं खोल जायची गरज नाही: "प्रकाशसंश्लेषण तुझ्या शब्दांत सांग," बस. चूक काढायची नाही, मान डोलवून 'बरोबर' पण म्हणायचं नाही.

"वर्गात कोकणी किंवा मराठी बोललं तर काय होतं? टीचर स्वतः कधी बोलते?" शिक्षेचं निघालं तर कोणी केली ते नाव विचारू नका, त्याने सांगितलंच तर लिहू नका. मारल्याचं सांगितलं तर मुलाखत तिथेच थांबवा, त्याला शांत करा, त्याच दिवशी मला फोन. आणि "कोणाला सांगू नको" असं तो म्हणाला तर खोटं वचन देऊ नका.

घरचं: ट्यूशनला जातो का, सर्क्युलर कोण वाचतं, घरच्यांना इंग्रजीतलं समजावून सांगायचं काम त्याच्यावर पडतं का. या शेवटच्यावर मुली जास्त बोलतात असं ट्रायलच्या चार मुलाखतींत दिसलं, पण चार म्हणजे काहीच नाही, मुलग्यांनाही तितकंच खोदून विचारा.

शेवटी: "तुझा धाकटा भाऊ किंवा बहीण आता चौथीत असती तर तिला काय सांगितलं असतंस?" आणि "मी विचारलं नाही असं काही राहिलं?" यानंतर रेकॉर्डिंग बंद करा पण वही बंद करू नका, खरं तर तेव्हाच बोलतात. ते वापरायचं असेल तर आधी त्याला विचारा.

घरी पोचल्यावर त्याच रात्री अर्धं पान लिहा: कुठे भाषा बदलली, कुठे आवाज खाली गेला. कोकणी वाक्य कोकणीतच उतरवा, मराठी करून 'सुधारू' नका.