रुग्णभेट सेवेचे दर्शन आणि सेवाकार्य

(मंडळीच्या वार्षिक सभेपुढे मंजुरीसाठी)

आमचे दर्शन
मिरजेत उपचाराला आलेले कोणीही एकटे राहू नये.

आमचे सेवाकार्य
जाऊ, बसू, ऐकू, पुन्हा जाऊ.

आमचा आधार
मत्तय २५:३६. आजाऱ्याच्या समाचाराला जाणे म्हणजे प्रभूच्याच समाचाराला जाणे होय.

मंडळीने हे शब्द का स्वीकारावेत, याविषयी थोडे निवेदन करतो. आपले पूर्वीचे निवेदन पाऊण पानाचे होते. ‘सर्वांगीण’, ‘समर्पित’ असे शब्द त्यात होते आणि ते खोटे नव्हते, पण गेल्या बैठकीत आम्हा चौदा जणांपैकी एकालाही त्याचे पहिले वाक्य पुरते म्हणता आले नाही. जे आठवत नाही ते वॉर्डाच्या दारात उभे असताना आपल्याला वाट कशी दाखवणार?

दर्शनात मिरजेचे नाव मुद्दाम घेतले आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या काळापासून या गावाला दूरदूरचे रुग्ण येत आले आहेत, आणि आजही जत, सांगोला, अथणी, विजापूर या भागांतून आलेली माणसे ओळखीचे एकही घर नसताना इथे पंधरा-पंधरा दिवस काढतात. ‘कोणीही’ या शब्दात रुग्णाबरोबर व्हरांड्यात सतरंजीवर झोपणारा नातेवाईकही आला, आणि कोणत्याही धर्माचा माणूस आला. कन्नड बोलणाऱ्यांकडे शक्यतो कन्नड येणाऱ्या सभासदाने जावे.

‘बसू’ म्हणजे खाटेशी उभ्याउभ्या चौकशी करून निघायचे नाही. स्टूल ओढून घ्यायचे, घड्याळ पाहायचे नाही. ‘ऐकू’ हे बोलण्याच्या आधी येते. प्रार्थना करणार आहोतच, परंतु रुग्णाला विचारून आणि त्याने होकार दिला तरच. नकार मिळाला तरी भेट तितक्याच मायेने पुरी करायची.

‘पुन्हा जाऊ’ हे शब्द आम्हाला एका आजींनी दिले. मुलाच्या ऑपरेशनला आलेल्या त्या बाईंनी आम्ही नेलेली केळी बाजूला ठेवली, पदराने डोळे पुसले आणि एवढेच विचारले, “उद्या याल ना?” त्या दिवशी आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. म्हणून यापुढे प्रत्येक रुग्णाकडे किमान दोनदा जायचे असे ठरवले आहे.

डबा, औषधाचे पैसे, रक्तदाता शोधणे ही मदत ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे होत राहील. ती सेवाकार्यात लिहिलेली नाही, कारण चौदा जणांना रोज पाळता येणार नाही असे वचन आजारी माणसाला देणे आम्हाला योग्य वाटत नाही.

सभेने मंजुरी दिल्यास प्रत्येक शनिवारी भेटीला निघण्यापूर्वी सर्वांनी उभे राहून दर्शन आणि सेवाकार्य कागद न पाहता म्हणावे. महिला मंडळाने ते वयस्क भगिनींकडून म्हणवून पाहावे, आणि ज्या शब्दाला त्या अडखळतील तो शब्द पुढच्या वार्षिक सभेत बदलावा.