जूनपासूनच्या फीबद्दल

सर्व पालकांना नमस्कार.

येत्या जून 2026 पासून ट्यूशनची फी वाढवत आहे. आठवी-नववीची फी महिना 1200 रुपये आहे, ती 1400 होईल. दहावीची 1500 आहे, ती 1800 होईल. एप्रिलची फी जुन्याच दराने द्यायची आहे. मे महिन्यात क्लास बंद असतो, त्यामुळे फी नाही. आज 1 एप्रिल, म्हणजे तुम्हाला पूर्ण दोन महिने हातात आहेत. घरचा हिशोब बसवायला वेळ लागतो म्हणून आत्ताच कळवते आहे.

जून 2023 नंतर फी वाढवलेली नाही. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी कारेलीबागेतल्या आपल्या तळमजल्याच्या खोलीत शिरलं, बाकं फुगली, वह्यांचा लगदा झाला, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं आहे. मुलांना पुन्हा तिथे बसवायची माझी तयारी नव्हती. दांडिया बाजारातली दुसऱ्या मजल्यावरची ही जागा चांगली आहे, पण भाडं 9000 वरून 14000 वर गेलं. आजवर ते मीच सोसलं. आता विज्ञान शिकवणाऱ्या ताईंचा पगारही वाढवायला हवा. त्या मन लावून शिकवतात, त्यांना कमी पैशांत राबवून घेणं मला पटत नाही.

एका बॅचमध्ये पंधराऐवजी पंचवीस मुलं घेतली असती तर फी आहे तीच ठेवता आली असती. ते मी करणार नाही. वर्गसमीकरण सोडवताना मूल तिसऱ्या पायरीवर वजाचं चिन्ह गाळतं, उत्तर चुकतं आणि "मला गणित येतच नाही" असं म्हणून वही मिटतं. ते चिन्ह त्याच वेळी वहीत दाखवावं लागतं. पंचवीस वह्यांत ते होत नाही.

ज्यांनी वर्षाची फी आगाऊ भरली आहे, त्यांना ती मुदत संपेपर्यंत जुनाच दर राहील. एकाच घरची दोन मुलं असतील तर धाकट्याला जुन्या दरानेच घेईन. चाचण्यांच्या झेरॉक्सचे वेगळे पैसे पूर्वीही घेत नव्हते, पुढेही घेणार नाही.

कोणाला ही वाढ जड जात असेल, तर कृपया मला एकटीला फोन करा किंवा संध्याकाळी साडेसातनंतर क्लासवर या. ग्रुपवर लिहू नका, मुलंही हे मेसेज वाचतात. दोन हप्ते करू, काही तरी मार्ग काढू, पण फीपायी मुलाचं दहावीचं वर्ष अर्धवट सोडवू नका. आपलं बोलणं मुलापर्यंत जाणार नाही.

जूनमध्ये क्लास पुढे चालू ठेवायचा की नाही, ते 30 एप्रिलपर्यंत कळवा. नवीन प्रवेशासाठी काही पालक थांबले आहेत, त्यांनाही मला उत्तर द्यायचं आहे.

आपली,
गणिताच्या बाई