सहा महिने खरेदी न केलेल्या ग्राहकांसाठी ईमेलमालिका

पहिला ईमेल (शेवटच्या खरेदीला सहा महिने पूर्ण झाल्यावर)

विषय: कपाटातला तुमचा आवडता शर्ट काढा
विषयाखालची ओळ: मापाचा तक्ता आता नव्या पद्धतीने दिला आहे

नमस्कार,

तुम्ही आमच्याकडून शेवटचं काही घेतलंत त्याला सहा महिने होऊन गेले. मधल्या काळात नवा माल आला, पण आज त्याबद्दल लिहीत नाही. मापाबद्दल लिहायचं आहे, कारण आमच्याकडे परत येणाऱ्या कपड्यांसोबत सर्वांत जास्त तक्रार त्याचीच असते.

एस, एम, एल ही अक्षरं सगळीकडे सारखी दिसतात, पण एकाचा एम दुसऱ्याच्या एलएवढा निघतो. त्यातही एखाद्या तक्त्यात अंगाचं माप असतं, एखाद्यात कपड्याचं, आणि कुठलं ते लिहिलेलंच नसतं. छाती ९६ सेंटीमीटर असेल तर शर्टाचा घेरही ९६ असून भागत नाही. हात हलवायला, बसायला, श्वास घ्यायला जागा हवी. म्हणून नेहमीच्या शर्टात घेर अंगापेक्षा साधारण ८ ते १२ सेंटीमीटर जास्त ठेवतात. ढगळ शर्टात त्याहून बराच जास्त, आणि ताणल्या जाणाऱ्या टी-शर्टात अगदी थोडा.

आता आमच्या प्रत्येक कपड्याच्या पानावर ही दोन्ही मापं शेजारी-शेजारी दिली आहेत. पण त्याहून सोपी युक्ती अशी: अंग मोजूच नका, नीट बसणारा कपडा मोजा.

शर्टाची बटणं लावून तो सपाट पसरा. एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत मोजा आणि आकडा दुप्पट करा, हा झाला घेर. उंचीसाठी कॉलरलगत खांद्याच्या सर्वांत वरच्या टोकापासून खालच्या काठापर्यंत. पँट असेल तर कमरपट्टा सपाट धरून दुप्पट, आणि पायाची लांबी आतल्या शिवणीवरून, जांघेपासून खालच्या दुमडीपर्यंत. टेप कापडी घ्या. पोलादी टेप कपड्यावर सरळ बसत नाही. आणि कापड ताणू नका. ताणून घेतलेलं माप हमखास फसवतं.

हे आकडे तुमच्या खात्यात एकदा भरून ठेवलेत की कुठल्याही कपड्याच्या पानावर तो तुमच्या शर्टापेक्षा किती सैल किंवा घट्ट आहे ते दिसेल.

[माझी मापं भरतो]

ग्राहक विभाग

---

दुसरा ईमेल (पाच दिवसांनी)

विषय: आधी घेतलेले कपडे कसे टिकलेत?
विषयाखालची ओळ: धुण्याबद्दल थोडं, विकण्याबद्दल काहीच नाही

नमस्कार,

आमच्याकडून नेलेले कपडे अजून अंगावर असतील अशी आशा आहे. ते आणखी काही वर्षं टिकावेत म्हणून हे.

सुती कपडा आटतो, त्यात दोष कापसाचा नाही. सूत कातताना आणि कापड विणताना धागा ताणलेला असतो. पाण्यात पडला की तो ताण सुटतो आणि कापड आखडतं. बहुतेक आटणं पहिल्या काही धुण्यांतच होतं. गरम पाणी आणि ड्रायर त्यात भर घालतात, म्हणून नवा सुती कपडा थंड पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. सावलीमुळे रंगही टिकतो.

स्ट्रेच जीन्समध्ये थोडं इलास्टेन असतं आणि उष्णता ही त्याची वैरी. सतत कडक गरम वाळवलं की लवचीकपणा जातो आणि गुडघ्याशी पोंगे येतात, मग ते जात नाहीत. व्हिस्कोजचं वेगळंच: सुकं असताना ठणठणीत, ओलं झालं की कमजोर. ते पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून हलकं दाबा.

कापडावर गोळे येतात ते घासल्याने, म्हणून कपडा उलटा करून धुवा. पॉलिएस्टर-मिश्र कापडावरचे गोळे जास्त चिवट असतात, कारण तो धागा तुटत नाही आणि गोळा तिथेच लटकून राहतो. गोळे काढायचं छोटं यंत्र मिळतं. हाताने ओढू नका, सोबत चांगला धागाही निघतो.

आणि आतल्या पट्टीवरच्या त्या कोड्यांचा अर्थ: पाण्याच्या टबात ३० लिहिलं असेल तर ३० अंश सेल्सियसपेक्षा गरम पाणी नको. फुली मारलेला त्रिकोण म्हणजे ब्लीच नको. चौकोनात गोल म्हणजे ड्रायर, त्यावर फुली असेल तर दोरीवरच वाळवा.

बटण तुटलं असेल तर शर्टाच्या आतल्या बाजूच्या शिवणीपाशी एक जादा बटण शिवलेलं असतं. अनेकांना ते माहीतच नसतं.

ग्राहक विभाग

---

तिसरा ईमेल (आणखी एका आठवड्याने)

विषय: एकच आकडा पाठवाल का?
विषयाखालची ओळ: उत्तर माणूसच वाचतो

नमस्कार,

तुम्ही बऱ्याच दिवसांत आला नाहीत. कारण आम्ही अंदाजाने ठरवण्यापेक्षा तुम्हीच सांगितलंत तर बरं. या ईमेलला नुसता एक आकडा लिहून उत्तर द्या:

१. माप जमलं नाही
२. कापड किंवा शिवण आवडली नाही
३. कपडा उशिरा पोचला किंवा परत करताना त्रास झाला
४. सध्या कपड्यांची गरजच नाही

चौथं उत्तर आलं तर आम्हाला वाईट वाटणार नाही. कपाट भरलेलं असताना आणखी घ्या म्हणणं आम्हालाही पटत नाही. पहिल्या तिन्हींपैकी काही असेल आणि दोन ओळी जास्त लिहिल्यात, तर त्यावर काय करता येईल ते कळवू.

ग्राहक विभाग

---

चौथा ईमेल (दहा दिवसांनी, तिसऱ्याला ४ असं उत्तर देणाऱ्यांना हा पाठवू नये)

विषय: पुढच्या ऑर्डरवर १५ टक्के सूट
विषयाखालची ओळ: अटी वरच लिहिल्या आहेत

नमस्कार,

अटी आधी सांगतो, म्हणजे पैसे भरताना चिडचिड नको. सूट १५ टक्के. ईमेल मिळाल्यापासून १० दिवस. एका खात्याला एकदाच. ज्या कपड्यांची किंमत आधीच कमी केली आहे त्यांवर चालणार नाही. खरेदी किती रकमेची असावी यावर बंधन नाही. एक बनियन घेतलंत तरी चालेल.

पैसे भरायच्या पानावर हा कोड टाका:

```
PARAT15
```

काय घ्यावं सुचत नसेल तर आधी घेतलेल्या कपड्याचाच दुसरा रंग बघा. माप माहीत असतं, कापड अंगाला सवयीचं असतं. तुमच्या खात्यात ‘आधीची खरेदी’ या ठिकाणी ते सापडतील. नवीन प्रकार घेऊन बघायचा असेल तर दोन मापं मागवा आणि न बसणारं ३० दिवसांत परत पाठवा. परतीचा खर्च आमचा. पट्टी मात्र काढू नका.

[आधीची खरेदी बघतो]

ग्राहक विभाग

---

स्मरणपत्र (आठव्या दिवशी, कोड न वापरलेल्यांनाच)

विषय: PARAT15 आणखी दोन दिवस
विषयाखालची ओळ: त्यानंतर मुदत वाढणार नाही

नमस्कार,

कोड परवा रात्री १२ वाजता बंद होईल. टोपलीत काही ठेवलेलं असेल तर ते कोड बंद झाल्यावरही तसंच राहील, फक्त सूट जाईल.

[टोपली उघडतो]

ग्राहक विभाग

---

पाचवा ईमेल (आणखी तीन आठवड्यांनी, मधल्या काळात एकही ईमेल न उघडणाऱ्यांना)

विषय: यापुढे आम्ही ईमेल पाठवू का?
विषयाखालची ओळ: तुम्ही काही केलं नाही तर आम्ही थांबू

नमस्कार,

आमचे ईमेल तुम्ही उघडत नाही असं दिसतं. न वाचलेल्या ईमेलचा ढीग कुणालाच नको असतो, म्हणून पुढच्या सोमवारपासून नव्या मालाचे आणि सवलतींचे ईमेल आम्ही बंद करत आहोत.

ते चालू हवे असतील तर खालचं पहिलं बटण दाबा. महिन्यातून एकच हवा असेल तर दुसरं. नको असतील तर काहीही करायची गरज नाही.

तुमचं खातं, मापं आणि जुन्या पावत्या तशाच राहतील. कधी ऑर्डर दिलीत तर तिची पावती आणि पार्सल कुठे पोचलं ते अर्थातच कळवत राहू. खातंच काढून टाकायचं असेल तर या ईमेलला ‘खातं बंद करा’ एवढंच उत्तर द्या.

[चालू ठेवा]  [महिन्यातून एकच]

ग्राहक विभाग