बी-४०४

गणपतीच्या तिसऱ्या रात्री समईजवळ जागायची पाळी बी विंगची होती. रात्रीचा एक वाजून गेला होता. पार्किंगमधल्या मांडवात सतरंजीवर चौघे रमी खेळत बसले होते: वसंतराव, सावंत, कॉलेजातला निखिल आणि महिन्यापूर्वी मुलाकडे राहायला आलेले चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ. टक्कल, पांढरी दाढी, बोलणं कमी. झोप लागत नाही म्हणून खाली आले आणि चौथा भिडू मिळाला. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून निखिलने वहीत त्यांच्या रकान्यावर 'बी-४०४' लिहिलं.

दोन कॅट, प्रत्येकात एक छापील जोकर, एकूण १०६ पानं. पावसाळी हवेत पानं एकमेकांना चिकटतात आणि वाटताना एकाला चौदा, एकाला बारा जातात. म्हणून वसंतरावांनी आधीच पानांना चिमूटभर टाल्कम चोळून घेतली होती. पैसे नाहीत, फक्त पॉइंट. १०१ झाले की बाद. पहिल्याच पानाला पॅक केलं तर वीस, मधे केलं तर चाळीस, लाईफ, म्हणजे जोकरशिवाय लागलेला सिक्वेन्स, नसताना सापडलात तर सगळी पानं मोजायची, जास्तीत जास्त ऐंशी.

चौथ्या डावाला वसंतराव ५८, निखिल ४४, सावंत ४१ आणि बी-४०४ चौतीसवर होते. कापून किलवरची दुर्री निघाली, म्हणजे सगळ्या दुऱ्या जोकर. निखिलने पानं बघितली, तोंड वाकडं केलं आणि पॅक केलं. हे शहाणपणाचं असतं, पण त्याच्या वयात कुणी करत नाही. सावंतांनी मान डोलावली.

वसंतरावांच्या हातात चौकटची चार-पाच-सहा-सात आली होती, म्हणजे लाईफ झाली. बदामचा गुलाम आणि राणी, जोडीला चौकटची दुर्री. सत्त्या तीन: बदाम, इस्पिक, किलवर. उरले किलवरचा एक्का आणि इस्पिकची नव्वी-दश्शी. अट्ठी किंवा गुलाम आला की एक्का उलटा टाकायचा आणि शो. अट्ठीची वाट बघणं मात्र कठीण होतं, कारण एक सावंतांनी उचलून नेलेली त्यांनी पाहिली होती.

मग बी-४०४ने इस्पिकचा गुलाम टाकला. टाकला आणि तर्जनीने दाबून धरला.

पानं टाकून हात मागे घेतात सगळे. हा माणूस मात्र पहिल्या डावापासून प्रत्येक पान टाकल्यावर क्षणभर बोट ठेवत होता. सतरंजी सपाट, पंखा बंद, पान हलायचं कारणच नव्हतं. वसंतरावांना ते खटकत होतं, पण का ते कळत नव्हतं. आता त्यांना हवं असलेलं पान त्या बोटाखाली होतं आणि त्यांचं लक्ष पानापेक्षा बोटाकडेच गेलं.

डोंबिवली-दादर. चौघांच्या गुडघ्यांवर आडवी ब्रीफकेस, वर वर्तमानपत्र. कळव्याच्या आधी गाडी सांधे बदलायची तेव्हा वरची पानं सरकून कुणाच्या तरी बुटावर जायची. म्हणून पुढचा उचलेपर्यंत पान दाबून धरायचं. तो नियम एकानेच काढला होता आणि तो एकटाच पाळायचा. १९९४ साली बँकेने त्याची नागपूरला बदली केली. पुढे दोघांचेही फोन नंबर बदलले.

"बोट काढ," वसंतराव म्हणाले. "गाडी थांबलीये."

समोरच्याने वर पाहिलं. चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ बघत राहिला.

"दादर आलं?"

"केव्हाच."

"वश्या, तुझे केस कुठे गेले रे?"

"तुझ्याबरोबरच गेले असणार. आधी पान सोड."

वसंतरावांनी गुलाम उचलला, एक्का उलटा टाकला आणि पानं मांडली. सावंतांनी लाईफ तपासली, मग दुसरा सिक्वेन्स, मग सत्त्यांचे रंग. बरोबर होतं. सावंतांचे अठरा गेले.

मधूने आपली पानं उघडली. दोन दुऱ्या, एक छापील जोकर, तीन राजे, दोन राण्या आणि किरकोळ.

"तीन जोकर आणि लाईफ नाही!" निखिल ओरडला.

"हा तेव्हाही असाच," वसंतराव म्हणाले. "जोकर आला की लाईफ आपोआप होईल असं याला वाटतं."

"सत्त्याऐंशी होतात," मधूने मोजून सांगितलं. "ऐंशी लिहा."

चौतीस आणि ऐंशी, एकशे चौदा. बाद. मधू उठायला गुडघ्यावर हात ठेवत होता, तेवढ्यात वसंतरावांनी वही ओढून घेतली. सगळ्यात जास्त पॉइंट निखिलचे, चौसष्ट. कुणीही एकोणऐंशीच्या वर नव्हतं, म्हणजे पुन्हा खेळात येता येत होतं, एक पॉइंट जास्त घेऊन. त्यांनी 'बी-४०४' खोडलं, वर 'मधू' लिहिलं आणि खाली पासष्ट मांडले.

"बस," ते म्हणाले. "पिसायची पाळी तुझी आहे. आणि निखिल, समईत तेल बघ."