विकणे आहे: एचएमटी जनता, चावीचे हातघड्याळ, १९८७ ची खरेदी. डायल मूळ आहे, दोष सगळे खाली लिहिले आहेत

भाव २,४०० रुपये. ठिकाण आर्वी तालुका, जिल्हा वर्धा. घड्याळ चालू आहे, २०२३ मध्ये सर्व्हिसिंग झालं आहे, त्याची हातानं लिहिलेली पावती आहे. डबा नाही, मूळ बिल नाही. पट्टा सोबत देतो, पण तो साधा आहे, त्याचे पैसे धरलेले नाहीत.

मी एसटीत कंडक्टर होतो. १९८७ मध्ये वर्ध्याच्या दुकानातून हे घड्याळ मीच नवं घेतलं आणि २०१४ मध्ये रिटायर होईपर्यंत ड्युटीवर हेच हाती होतं. मधे कोणाच्या हाती गेलं नाही. विकायचं कारण एकच, बोटं आखडतात. रोज ही लहानशी चावी फिरवणं आता होत नाही. सेलचं एक घड्याळ मुलीनं आणून दिलं आहे, तेच वापरतो. जनता कपाटात पडून राहिली तर आतलं तेल सुकेल, त्यापेक्षा ज्याला रोज चावी द्यायची हौस आहे त्याच्याकडे जावी.

आता घड्याळाबद्दल. मशीन १७ ज्वेलचं, हातानं चावी द्यायचं. तारीख नाही, वार नाही. एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळुरूत घड्याळं बनवणं सुरू केलं, त्या वळणाचंच हे साधं आणि दणकट मशीन आहे. तालुक्याच्या गावातला जुना घड्याळजीसुद्धा ते डोळे मिटून उघडतो. डायल पांढरी-रुपेरी, तासांच्या जागी बारीक पट्ट्या. वरच्या बाजूला एचएमटी, खाली जनता, पॅराशॉक आणि १७ ज्वेल्स. अक्षरं इंग्रजी आहेत. देवनागरी आकड्यांची जनता शोधणारे पुष्कळ असतात, त्यांनी इथंच थांबावं, ही ती नाही.

डायलबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या घड्याळात पैसे आहेत ते तिच्यातच. जुन्या एचएमटी म्हणून जे विकलं जातं त्यातला बराच माल रंगवलेल्या डायलचा असतो. जुनी डायल घासायची, नवा रंग मारायचा, वरून नाव छापायचं, की माल चकाचक. निळ्या, हिरव्या, भगव्या जनता दिसल्या की मी तर आधी शंकाच घेतो. ओळखायचं असेल तर भिंगातून पॅराशॉकची अक्षरं पाहा. मूळ छपाईत ती बारीक आणि सुटी असतात, रंगवलेल्यात जाड होतात, एकमेकांना चिकटतात, ओळ थोडी तिरपी जाते. फोटो क्रमांक ४ मध्ये भिंग लावून काढलेला जवळचा फोटो आहे. मोठा करून पाहा.

ही डायल मूळ असल्यामुळे ती जुनीही दिसते. ४ च्या पट्टीजवळ ज्वारीच्या दाण्याएवढा तपकिरी डाग आहे. ओल आत गेल्याचा डाग आहे तो, वर्षानुवर्षं तेवढाच आहे, वाढलेला नाही. बाहेरच्या कडेनं, विशेषतः ७ ते ९ च्या मधे, वार्निशला केसासारख्या रेघा गेल्या आहेत. समोरून दिसत नाहीत, उजेडात घड्याळ तिरपं धरलं की दिसतात. अमरावतीच्या कारागिरानं सर्व्हिसिंगच्या वेळी स्वतःहून सांगितलं, "काकाजी, डाग राहू द्या. रंगवली का हे घड्याळ तुमचं राहत नाही." मला ते पटलं. त्यामुळे डायलला आजवर कोणी ब्रश लावलेला नाही.

काट्यांमध्ये तास आणि मिनिटाचा काटा मूळ आहे. सेकंदाचा नाही. पूर्वी कधीतरी सर्व्हिसिंगला दिलं असताना एका दुरुस्तीवाल्यानं तो न विचारता बदलला. अमरावतीला घड्याळ उघडलं तेव्हा ते लक्षात आलं. हा काटा किंचित लांब आहे आणि बाकी दोघांपेक्षा जास्त चकाकतो. चालण्यात काही फरक पडत नाही, पण जुळवून बघणाऱ्याला खटकेल. मूळ काटा मिळाला तर कोणताही घड्याळजी बसवून देईल.

केस पितळेची आणि वर क्रोमचा मुलामा, मागचं दाबून बसणारं झाकण स्टीलचं. मुलामा दोन ठिकाणी गेला आहे. डाव्या बाजूला ८ ते १० च्या समोर जी घासलेली जागा दिसते ती तिकिटांच्या पेटीची. आम्ही पेटी डाव्या हातावर धरायचो, उजव्यानं तिकीट फाडून पंच मारायचो, आणि गाडीच्या प्रत्येक गचक्याला पेटीची कड तिथंच लागायची. तिथं पितळ पिवळं दिसतं आणि बोटाला हलकासा चपटेपणा लागतो. दुसरी जागा पट्टा अडकवायच्या कानांच्या आतली. आमच्याकडच्या ४५ अंशाच्या उन्हाळ्यात घाम तिथं साचतो, मुलामा फुगतो आणि निघतो. तिथं हिरवट थर आला होता तो साफ केला आहे, पण बारीक खड्डे राहिले. फोटो क्रमांक ६ आणि ७ पाहा. केसला पॉलिश मारलेली नाही आणि तुम्हीही मारू नका, उरलेला मुलामा जाईल. ज्यांच्या कातडीला पितळ चालत नाही त्यांनी रुंद पट्टा लावावा किंवा हे घड्याळ घेऊच नये.

काच प्लास्टिकची आहे, २०२३ मध्ये नवी बसवली. ७ च्या वर एक बारीक ओरखडा आहे, काच पुसताना बोटाला जाणवत नाही.

चावी मूळ नाही. बदललेली चावी मूळ चावीहून थोडी मोठी आहे, त्यामुळे खरं तर फिरवायला सोपी पडते. पण वेळ लावताना एक खोड आहे. चावी ओढून काटे जुळवले आणि परत आत दाबली की मिनिटाचा काटा कधीकधी अर्ध्या-एका मिनिटानं सरकतो. आत दाबताना बोट सरळ ठेवलं तर सरकत नाही. आणि हो, चावी ओढली तरी सेकंदाचा काटा थांबत नाही, तो चालूच राहतो. हा बिघाड नाही, या मशीनची रीतच तशी आहे.

मशीनचा हिशेब असा. २००० पर्यंत दर दोन-चार वर्षांनी आर्वीतच तेल-पाणी होत राहिलं, त्याचा कागद नाही, माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा तर ठेवा. २००९ मध्ये घड्याळ बंद पडलं तेव्हा बॅलन्स पूर्ण बदलला, दुसऱ्या एचएमटीतून काढून बसवला. भाग त्याच मशीनचा आहे, पण या घड्याळासोबत जन्मलेला नाही, म्हणून मशीन शंभर टक्के मूळ आहे असं मी म्हणणार नाही. रिटायर झाल्यावर घड्याळ बंद पडून होतं. २०२३ मध्ये अमरावतीला पूर्ण उघडून धुतलं, तेल घातलं, चावीची स्प्रिंग नवी टाकली, काच बदलली. खर्च ६५० रुपये. झाकण उघडं असताना कारागिरानं काढलेला मशीनचा फोटो क्रमांक ९ वर आहे. त्यात दोन स्क्रूंची डोकी खरबडलेली दिसतील आणि चावीच्या दांडीजवळ गंजाचा एक ठिपका दिसेल. गंज साफ केला आहे, ठिपक्याची खूण राहिली.

वेळ कशी दाखवतं? पूर्ण चावी दिली, हातात घातलं, तर दिवसाला २० ते ३० सेकंद पुढं जातं. रात्रभर डायल वर करून टेबलावर ठेवलं तर ४५ सेकंदांपर्यंत पुढं. चावीची बाजू खाली करून उभं ठेवलं तर १० सेकंद मागं पडतं. म्हणजे रात्री उभं ठेवायची सवय लावली तर दिवसाची वाढ थोडी भरून निघते. मी सकाळच्या रेडिओच्या बातम्यांआधीच्या टोल्यांवर आणि मोबाइलच्या घड्याळावर, दोन्हीवर लावून पाहिलं आहे. रात्री नऊला पूर्ण चावी दिली की परवा सकाळी दहापर्यंत चालतं. चावी फिरेनाशी झाली की थांबायचं, जोर लावायचा नाही. मोबाइल किंवा सेलच्या घड्याळासारखा काटेकोरपणा ज्यांना हवा त्यांच्यासाठी ही वस्तू नाही.

पाण्याचं स्पष्ट सांगून देतो. पाणी आत जाऊ नये असं काहीच यात आता राहिलेलं नाही. हात धुताना काढा, पावसात खिशात ठेवा, वावरात ओलिताला जाताना तर घरीच ठेवा. डायलवरचा डाग कशाचा आहे ते वर लिहिलंच आहे.

सुट्या भागांचं म्हणाल तर एचएमटीच्या घड्याळ कंपनीला टाळं लावायचा निर्णय केंद्र सरकारनं २०१६ मध्ये घेतला. कारागीर आता भाग काढतात ते जुन्या साठ्यातून नाहीतर दुसऱ्या घड्याळातून. जनतासारख्या खपाच्या घड्याळाचे भाग अजून मिळतात, त्यामुळे लगेच अडचण नाही. तीन-चार वर्षांनी एकदा तेल घालून घ्या.

भावाबद्दल. रंगवलेली चकाचक जनता यापेक्षा स्वस्तात मिळेल आणि डबा-बिलासकट निष्कलंक जनता यापेक्षा महाग जाईल. सेकंदाचा काटा, चावी, बॅलन्स आणि मुलामा धरूनच मी २,४०० ठरवले आहेत. त्यामुळे वर लिहिलेल्याच दोषांवर पुन्हा भाव पाडू नका. न लिहिलेला दोष सापडला तर खुशाल बोला, ऐकून घेईन. प्रत्यक्ष येणाऱ्याला शंभर रुपये सोडतो, कारण त्याच्या तिकिटाचा विचार मी नाही करायचा तर कोणी करायचा.

पाहायला यायचं तर आर्वी बसस्टँडवर भेटू, मी सकाळी अकरानंतर केव्हाही येऊ शकतो, फक्त आदल्या दिवशी कळवा. घरी आलात तरी चालेल, गाव रोहण्याकडच्या रस्त्यावर आहे. भिंग सोबत आणतो. सोबत तुमचा घड्याळजी आणला आणि त्यानं समोर झाकण उघडलं तर माझी हरकत नाही, मात्र घरच्या चाकूनं उघडू देणार नाही.

बाहेरगावी स्पीड पोस्टनं पाठवतो, खर्च घेणाऱ्याचा. पाठवण्याआधी त्याच दिवशीच्या वर्तमानपत्रावर घड्याळ ठेवून चालू स्थितीचा व्हिडिओ देईन. पार्सल मिळाल्यावर सात दिवस वापरून पाहा. मी लिहिलं त्याहून वेगळं काही निघालं तर परत पाठवा, पूर्ण पैसे देतो, परतीचं पोस्टही माझं. नुसतं मन बदललं तरी परत घेईन, पण मग पोस्ट तुमचं. सात दिवसांत कोणी झाकण उघडलं असेल तर मात्र परत नाही. बदली मोबाइल, हप्ते, दुसरं घड्याळ, असलं काही नको.

मेसेज इथंच टाका, फोनवर बोलायचं तर संध्याकाळी सातनंतर. दिवसा आमच्याकडे रेंज जाते, उत्तर उशिरा आलं तर वाईट वाटून घेऊ नका. विकलं की जाहिरात त्याच दिवशी काढून टाकीन. जाहिरात दिसत असेल तोवर घड्याळ घरी आहे, तेव्हा "आहे का?" एवढंच न विचारता काय पाहायचं आहे ते थेट लिहा.