लिफ्ट जमिनीखाली जाते तेव्हा: सहावीसाठी ऋण संख्यांचा खेळ

तुमसर तालुक्यातल्या आपल्या पोरांपैकी लिफ्टमध्ये बसलेली थोडीच असतात. पण चिखल्याची मँगनीजची खाण जमिनीखाली आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. एखाद्याचा मामा तिथे कामालाही असतो. म्हणून सुरुवात तिथूनच करावी. जमीन म्हणजे शून्य. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात लिफ्ट वर जाते तशी तळघरातही उतरते. खालच्या पहिल्या मजल्याला −१ म्हणायचं, त्याच्या खालच्याला −२.

आधी भिंतीवर खडूने उभी इमारत काढा, १० मजले वर आणि १० खाली. काडीपेटीला सुतळी बांधून ती वरखाली फिरवा. "−७ मोठा की −३?" हा प्रश्न इथेच विचारून घ्या. पोरं ७ बघून फसतात. काडीपेटी दोन्ही ठिकाणी नेऊन दाखवा. जो मजला वर, ती संख्या मोठी. या चित्राला दहा मिनिटं पुरतात.

आता ही इमारत वऱ्हांड्यात आडवी पाडायची. चुन्याने सरळ रेघ ओढा आणि ३० सेंटिमीटरवर एक अशा २१ खुणा करा. रेघ ६ मीटरची होते. मधली खूण ० आणि ती गेरूने रंगवा. हापशीकडचं टोक +१०, गेटकडचं −१०. हापशीकडे म्हणजे वर, हे सगळ्यांकडून दोनदा म्हणवून घ्या.

चिठ्ठ्या २० लागतात. +१ ते +५ पांढऱ्या कागदावर, −१ ते −५ वहीच्या खाकी कव्हरवर, प्रत्येकी दोन. त्या एका डब्यात टाका. दुसऱ्या डब्यात मुक्कामाच्या मजल्यांच्या चिठ्ठ्या.

दोन गट करा, मोर आणि राघू. प्रत्येक गटाची एक लिफ्ट, म्हणजे एक मुलगा किंवा मुलगी, शून्यावर उभी राहील. तोंड कायम हापशीकडे. खाली जायचं तर पाठमोरं चालायचं, वळायचं नाही. पायाखालच्या खुणेला "एक" मोजायचं नाही. पाऊल पुढच्या खुणेवर पडलं की एक. ही चूक पहिल्या दिवशी हटकून होते.

दोन्ही गटांचा मुक्काम एकच काढा. पाळी आली की गटाने दोनपैकी एक करायचं: डब्यातून न बघता एक चिठ्ठी घ्यायची, किंवा हातातली एक डब्यात परत टाकायची. घेतली तर बेरीज, परत केली तर वजाबाकी. चालण्याआधी गटाने गणित मोठ्याने बोलायचं. चुकलं तर चिठ्ठी जिथून घेतली तिथे परत, लिफ्ट हलणार नाही, पाळी गेली. रेघेबाहेर नेणारी चिठ्ठी डब्यात जाते. मुक्कामाच्या मजल्यावर नेमकं पोचणारा गट जिंकला.

खेळाचा जीव चिठ्ठी परत करण्यात आहे, तिथे घाई करू नका. आमच्या वर्गात मुक्काम −१ निघाला होता. मोरांना आधी −४ आली, मग −५, लिफ्ट −९ वर. मग +४ आली, लिफ्ट −५ वर. आता काय करावं, म्हणून सगळे गप्प. मागून एक पोरगी म्हणाली, "सर, −४ वापस टाकू ना! खाली जायाची चिठ्ठीच नाही राहिली, तं लिफ्ट वर येईन." लिफ्ट चार पावलं वर सरकली. फळ्यावर मी तेवढंच लिहिलं:

−५ − (−४) = −१

"ऋण ऋण धन" हे पाठ करून घ्यायची गरजच उरली नाही. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली धन आणि ऋण यांचे नियम लिहिले, त्यातही शून्यातून ऋण वजा केलं की धन होतं, असं सांगितलं आहे. ऋण म्हणजे कर्ज. कर्ज डोक्यावरून उतरलं की घर वर येतं, हे आपल्या पोरांना वेगळं समजावावं लागत नाही.

मधेच खेळ थांबवून हातातल्या सगळ्या चिठ्ठ्यांची बेरीज करायला लावा. लिफ्ट जिथे उभी असेल तोच आकडा येतो, दर वेळी. असं का, ते पोरांनाच सांगू द्या.

वहीत सोडवायला:

१. लिफ्ट −६ वर आहे. +३ वर जायला किती मजले, कोणत्या दिशेने?

२. राघूंच्या हातात +५, −२, −४ आहेत. लिफ्ट कुठे आहे? कोणती चिठ्ठी परत केली तर ती +१ वर येईल?

३. तीन चिठ्ठ्या घेऊन लिफ्ट पुन्हा शून्यावर आली. चिठ्ठ्या कोणत्या असतील? जितक्या जमतील तितक्या तिकड्या शोधा. तीनही खाकी असू शकतात का?